सप्लायरकडे ३० चे ४५ दिवस कसे मागायचे, आमच्या पाऊचवाल्या शेठचा हिशोब

नवीन धंदा सुरू केलेली मुलं विचारतात की दादा, सप्लायरला क्रेडिट वाढवून मागायचं तर बोलायचं काय. माझं म्हणणं, बोलायचं नंतर बघू, आधी कागदावर काय आहे ते बघा. मी स्वतः एकदा तोंडी मागायला जाऊन हात हलवत परत आलोय, म्हणून आमचीच केस आकड्यांसकट सांगतो. आकडे सोपे पडावेत म्हणून गोल केलेत.

आमचं भांडुपला मसाल्याचं छोटं युनिट आहे, गाळा भाड्याचा, मी, बायको आणि सहा बायका पॅकिंगला. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी. मिरची-धणे वाशीच्या मसाला मार्केटमधून, ते जवळपास रोखीतच. छापील पाऊच देणाऱ्या शेठचं ऑफिस मस्जिद बंदरला आणि फॅक्टरी वसईला, तिथे आम्हाला ३० दिवसांची उधारी होती. आधी महिन्याला साठ हजाराचे पाऊच लागायचे. मग एका सुपरमार्केटवाल्यांकडे आमचा माल लागला, पाऊच एक लाखावर गेले आणि आनंदात दोन महिने गेल्यावर कळलं की खात्यात पैसेच नाहीत, कारण ते सुपरमार्केट माल मिळाल्यापासून ४५ दिवसांनी पैसे देतं.

आधी दिवस मोजा

पाऊच आल्यापासून त्याचे पैसे आपल्या खात्यात परत येईपर्यंत किती दिवस जातात ते लिहून काढा. आमचे पाऊच आल्यावर सरासरी १५ दिवस गाळ्यात पडून, मग मसाला भरून माल जायला ७ दिवस, मग सुपरमार्केटचे ४५. एकूण ६७. आणि शेठला द्यायचे ३० व्या दिवशी. म्हणजे मधले ३७ दिवस मी खिशातून चालवत होतो.

आता इथे बहुतेक जण एक चूक करतात, ते सगळे ३७ दिवस सप्लायरच्या गळ्यात टाकायला जातात. मी पण तेच केलं, थेट ६० दिवस मागितले. त्यातले १५ दिवस तर माझ्याच गाळ्यात पाऊच पडून राहण्याचे होते, ते शेठने का सोसायचे? नंतर आम्ही भाजणीचे पाऊच तीन महिन्यांचे एकदम मागवायचं बंद केलं तर तिथेच पाच-सहा दिवस वाचले. जेवढं आपल्या घरात आवरता येतं तेवढं आवरून झाल्यावर जे उरतं तेच मागायचं.

आणि ६० न मागायचं दुसरं कारण कायद्याचं आहे. सप्लायरच्या बिलावर उद्यम नंबर छापलेला असतो, नसला तर उद्यम सर्टिफिकेटची कॉपी मागा. तो मायक्रो किंवा स्मॉल असेल आणि माल बनवणारा असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार केला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही, आणि लेखी काहीच नसेल तर मुदत फक्त १५ दिवस. हो, १५. तुमचे तोंडी ठरलेले ३० दिवस कायद्याच्या हिशोबात नाहीतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही महिन्याला चक्रवाढ असं व्याज लागू शकतं. त्यात २०२३ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्समध्ये ज्याला सगळे ४३बी एच म्हणतात ते आणलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, म्हणजे अशा सप्लायरचं बिल मुदतीत नाही भरलं तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरतात. तेव्हा साठ दिवस गोडीगुलाबीने मिळाले तरी मार्चएंडला सीए डोक्याला हात लावतो. सप्लायर नुसता ट्रेडर असेल, बनवणारा नसेल, तर हे सहसा लागत नाही, पण ते सीएला बिल दाखवून विचारून घ्या, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

म्हणून आमची मागणी ठरली ४५. लेखी.

मग स्वतःचं लेजर बघा, आणि लाज वाटली तर थांबा

शेठकडे जाण्याआधी त्यांच्या मेहताजींकडून आपलं वर्षभराचं लेजर मागवून घ्या आणि आपल्या टॅलीशी जुळवा. हे मागताना कारण सांगायची गरज नाही, "जरा खातं जुळवायचंय" एवढं पुरतं. प्रत्येक बिलासमोर पेमेंट किती दिवसांनी गेलं ते लिहा.

माझा समज होता की आपण पेमेंटला एकदम चोख. लेजर काढलं तर सरासरी निघाली ३८ दिवस, दोन बिलं तर ५० च्या पुढे. म्हणजे मी तेव्हा ६० ऐवजी ४५ मागितले असते तरी शेठच्या डोक्यात ते ४५ नसतेच, ते असते ४५ अधिक नेहमीचे आठ. पहिल्या वेळी मी गेलो होतो दिवाळीच्या तोंडावर, त्यातही आधीचं एक बिल थकलेलं, आणि वर गोष्ट सांगत बसलो की काय करणार शेठ, पार्टी पैसे देत नाही. शेठने कटिंग मागवला, दिवाळीचा फराळ विचारला आणि शेवटी म्हणाले, "बघू". धंद्यात नवीन असाल तर सांगतो, या "बघू" चा अर्थ नाही असा असतो. वर "पार्टी पैसे देत नाही" हे वाक्य म्हणजे तर स्वतःच्या पायावर कुऱ्हाड, कारण तुमची पार्टी बुडवी असेल तर पुढचा बुडणारा मीच, हे समोरच्याला तुम्हीच सांगताय.

मग तीन महिने तोंड बंद ठेवलं आणि प्रत्येक बिल २८-२९ व्या दिवशी टाकलं, ओढाताण झाली, बायकोची एक एफडी मोडली, पण लेजर सुधारलं. तुमचं लेजर खराब असेल तर हाच रस्ता आहे. वेळेवर दिलेली तीन बिलं दाखवता येत नसतील तर मागायला जाऊच नका.

शेठच्या बाजूने हिशोब करा

आपली गरज आपल्याला माहीतच असते, पण समोरच्याला पंधरा दिवस जास्त देणं नेमकं किती महाग पडतं ते क्वचितच कुणी काढून बघतं. एक लाखाचे पाऊच, त्यावर १८ टक्के जीएसटी, बिल १,१८,००० चं. त्यांच्या सीसी लिमिटचं, म्हणजे बँकेकडून धंद्यासाठी घेतलेल्या उधारीचं व्याज वर्षाला १२ टक्के धरा. १५ दिवसांचं व्याज होतं साधारण ५८० रुपये. बस. मला मात्र त्या १५ दिवसांनी सरासरी एकोणसाठ हजार रुपये हातात राहतात.

आता ५८० रुपयांसाठी शेठ नाही का म्हणतात? कारण त्यांना व्याज नाही टोचत, दोन वेगळ्या गोष्टी टोचतात.

एक म्हणजे जीएसटी. मी पैसे दिले नाहीत तरी त्यांना त्या महिन्याच्या बिलाचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो. आम्ही नेहमी महिन्याच्या शेवटी ऑर्डर टाकायचो, बिल पडायचं २८ तारखेला. म्हणजे २८ जूनचं बिल, ३० दिवस धरले तर पैसे २८ जुलैला, आणि जीएसटी २० जुलैला. माझे १८,००० त्यांच्या हिशोबात आठ दिवस आधीच अंगावर. आता हेच बिल २ जूनला पडलं तर? जूनचा जीएसटी २० जुलैलाच. आणि २ जूनपासून ४५ दिवस म्हणजे १७ जुलै. पंधरा दिवस जास्त देऊनसुद्धा पैसे जीएसटीच्या तीन दिवस आधी शेठच्या खात्यात! हे मी रात्री कॅलेंडर घेऊन बसल्यावर लक्षात आलं आणि खरं सांगतो, आमचं काम निम्मं इथेच झालं. फेब्रुवारी सोडला तर बिल महिन्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत पडलं की ४५ दिवस २० तारखेच्या आत बसतात, त्यानंतर पडलं तर नाही बसत. सप्लायर छोटा असेल आणि तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्यांत असेल, तर पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स २५ तारखेला जातो, तिथे अजून थोडी जागा मिळते. आणि तुमचं बिल महिन्याच्या सुरुवातीला पडणं शक्यच नसेल तर दुसरा उपाय असा की जीएसटीची रक्कम माल आल्या दिवशी एनईएफटी करायची आणि मूळ रकमेला ४५ दिवस मागायचे.

दुसरी टोचणारी गोष्ट म्हणजे एकूण किती पैसे अडकतील. इथे मी जवळजवळ फसलो होतो. मी धरून चाललो की सरासरी दीड महिन्याचा माल उधारीवर राहील, म्हणजे १,७७,०००. पण २ जूनचं बिल १७ जुलैला फिटणार आणि २ जुलैला पुढचं बिल पडणार, म्हणजे २ ते १७ जुलै दोन बिलं एकदम उभी, २,३६,०००. आधी साठ हजाराच्या मालावर ३० दिवस असताना त्यांचे माझ्याकडे जास्तीत जास्त ७०,८०० असायचे. म्हणजे मी मागत होतो पंधरा दिवस, पण त्यांची जोखीम तिपटीच्या वर जात होती. शेठने हे कागद बघून अर्ध्या मिनिटात पकडलं, "म्हणजे दोन ते सतरा माझी दोन बिलं तुमच्याकडे उभी?" मला आधीच दिसलं होतं म्हणून उत्तर तयार होतं, नाहीतर परत बघूच ऐकून आलो असतो.

एक पान करा

फाईल नको, प्रेझेंटेशन तर अजिबात नको. एकच पान, सोबत तीन कागद. पानावर आम्ही लिहिलं होतं ते असं: आधी पाऊच किती, आता किती, वाढ कशामुळे. सध्या ३० दिवस, मागणी ४५, कशासाठी. बिल दर महिन्याच्या १ ते ५ मध्ये. प्रत्येक बिलामागे ठरलेल्या तारखेचा चेक माल घेतानाच. उधारीची कमाल मर्यादा २,४०,०००, त्यावर एक रुपया गेला तर माल रोखायचा. एकही चेक परत आला तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ३० दिवस. आधी तीन महिने ट्रायल.

सोबतचे कागद म्हणजे जुळवलेलं लेजर, सुपरमार्केटच्या पर्चेस ऑर्डरचं ते पान ज्यावर ४५ दिवस छापलेत (भाव झाकून टाका, शेठला आपलं मार्जिन दाखवायची हौस नको) आणि त्यांच्याकडून खरंच ४५-४६ दिवसांत आलेल्या दोन पेमेंटचं बँक स्टेटमेंट. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. ऑर्डर काय, कुणीही दाखवतो. पैसे वेळेवर येतात हे दिसलं की "पार्टी देत नाही" वाली गोष्ट उलटी होते, पार्टी देते, फक्त तिचा दिवस तुमच्या दिवसानंतर येतो.

चेकचं मात्र जपून. तारीख, रक्कम, नाव सगळं भरूनच द्या, कोरा सही केलेला चेक "सिक्युरिटी म्हणून" कुणी कितीही प्रेमाने मागितला तरी देऊ नका. चेक परत गेला आणि नोटीस येऊनही १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ खाली फौजदारी केस होऊ शकते, त्यामुळे चेक देणं म्हणजे बोलण्याला वजन देणं आहे, पण खात्यात पैसे राहतील याची खात्री असेल तरच.

जायचं कधी आणि बोलायचं कसं

फोनवर उधारी मागू नका, फोनवर नाही म्हणायला काहीच लागत नाही. आधी मेसेज टाका. मी टाकलेला साधारण असा होता:

"शेठ, नमस्कार. आपल्या पाऊचचं काम वाढतंय, त्याबद्दल पेमेंटच्या मुदतीचं थोडं बोलायचं होतं. हिशोब लिहून आणतो. बुधवारी दुपारी तीनला ऑफिसला येऊ का? आजपर्यंतचं सगळं पेमेंट क्लिअर आहे."

विषय आधीच सांगून टाकला की समोरचा बेसावध पकडल्यासारखा चिडत नाही. शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. आणि सकाळी बोहनीच्या वेळी तर मस्जिद बंदरला उधारीचं नावही काढायचं नाही, महिन्याच्या १८-१९-२० ला पण नको, तेव्हा मेहताजी जीएसटीत आणि शेठ मेहताजींवर.

बुधवारी गेलो, पान पुढ्यात ठेवलं. माझं बोलणं दोन मिनिटांचं होतं. "शेठ, आधी साठचा माल घ्यायचो, आता लाखाचा घेतो. वाढलेला सगळा माल ह्या एका ठिकाणी जातो, ते ४५ दिवसांनी देतात, हे बघा दिलेत. मला तुमच्याकडून पंधरा दिवस हवेत. तुमचा जीएसटी अडकू नये म्हणून बिल दोन तारखेला घेतो, पैसे सतराला." मग गप्प बसलो. हे गप्प बसणं फार अवघड जातं, आपण भरभर सवलती द्यायला लागतो, मी स्वतःची जीभ दाबून बसलो होतो.

शेठ कॅलेंडरवर बोट फिरवत राहिले, मेहताजींना हाक मारून विचारलं, "ह्यांचं मागचे तीन महिने कसं?" मेहताजी म्हणाले वेळेत आहे. मग तो दोन बिलांचा प्रश्न आला, मी चेक आणि मर्यादेची ओळ दाखवली. ते म्हणाले, "मर्यादा दोन लाख." मी म्हटलं दोन लाखात दोन महिन्यांची बिलं बसत नाहीत, मग दोन्ही बिलांचं गणित पुन्हा कागदावर केलं. शेवटी ठरलं असं: मर्यादा २ लाखच, पण २ तारखेच्या बिलाबरोबर मी ३६,००० एनईएफटी करायचे, उरलेल्या ८२,००० चा चेक १७ चा. तेव्हा दोन बिलं उभी असली तरी १,६४,०००. मला हवं ते सगळं नाही मिळालं, पण घासाघीस दिवसांवर न होता रकमेवर झाली.

हो म्हटल्यावर काय बघायचं

तोंडी हो वर उठून येऊ नका. त्याच संध्याकाळी ठरलेलं सगळं ईमेल करा आणि उत्तरात "ओके" घ्या, आणि पुढच्या प्रत्येक पर्चेस ऑर्डरवर ४५ दिवस छापा. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजा, कायद्यात माल मिळाल्यापासून मोजतात पण बिलापासून मोजलं की आपण कधीच चुकत नाही.

मग पुढच्या दोन बिलांचा भाव मागच्या भावाशी लावून बघा. कधी कधी मुदत दिली जाते आणि पाऊचच्या किलोमागे पाच-सहा रुपये गुपचूप चढतात, विचारलं तर "फिल्मचा भाव वाढला". वाढतोही खरा, कच्च्या तेलाबरोबर हलतो, म्हणून दुसऱ्या एखाद्या पाऊचवाल्याकडून त्याच मालाचा भाव मागवून ठेवा. त्याचा भाव हलला नसेल आणि ह्यांचा २ टक्के वाढला असेल तर तुम्ही १५ दिवसांसाठी २ टक्के मोजताय, वर्षाच्या व्याजात ते ४८ टक्क्यांच्या वर जातं. त्यापेक्षा बँकेचं सीसी लिमिट कितीतरी स्वस्त. मी म्हणून आधीच सरळ विचारतो, शेठ ३० चा भाव काय आणि ४५ चा काय, दोन्ही सांगा.

दुसरं लक्षण डिलिव्हरी. दहा दिवसांत येणारा माल अठरा दिवसांवर गेला, दर वेळी मशीन बिघडलेलं, तर समजा की रोखीवाल्या पार्ट्यांमागे तुमचा नंबर लागलाय. याची तक्रार करण्यात अर्थ नाही, एखादं बिल लवकर टाका आणि बघा माल हलतो का. आमचा हलला होता.

आणि एखाद्या महिन्यात सुपरमार्केटचे पैसे खरंच अडकले तर १७ ची वाट बघू नका. आम्हाला सप्टेंबरमध्ये असं झालं, १३ तारखेलाच शेठना फोन करून सांगितलं की तीस हजार कमी पडतायत, बावन्न आज टाकतो, उरलेले बावीसला, चेक लावू नका. ते बडबडले बरंच, चेक मात्र नाही लावला. मेहताजींनी लेजरमध्ये त्या बिलापुढे पेन्सिलने काहीतरी खूण केली, काय ते मला अजून माहीत नाही, पण पुढचा माल वेळेत आला.